दुपारच्या गोळ्या

माझ्या मुलीचं वजन मी स्वतःच्या वजनापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. पातळ फ्रॉक, पायांत काही नाही, केसांतला हेअरबँडसुद्धा काढून ठेवायचा आणि हॉस्पिटलच्या त्याच एका काट्यावर उभं करायचं. मग भिंतीला टाचा टेकवून उंची मोजायची. डॉक्टर मॅडम एका छापील तक्त्यावर ठिपका द्यायच्या. त्या तक्त्यावर खालून वर चढत जाणाऱ्या वाकड्या रेषा असतात आणि प्रत्येक मूल आपापल्या रेषेला धरून वर जातं. माझी मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत आपली रेषा धरून होती. सहाव्या वर्षी तिने ती सोडली. सोळा किलोवर काटा जो अडकला तो हलेचना, आणि मुलीचं वय मात्र पुढे चाललं होतं.

तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. आमच्याकडे हे नाव कोणाच्या तोंडात बसत नाही. सासूबाई त्याला ‘पोट्टीचं ते’, म्हणजे पोरीचं ते, म्हणतात. शरीरात जिथे जिथे पातळ पाझर हवा तिथे तो चिकट होतो. छातीत कफ साठतो, घामातून मीठ जातं, आणि पोटात स्वादुपिंडाच्या नळ्या बुजून अन्न पचवणारा रस आतड्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे तूप, तेल, दूध खाल्लं तसं बाहेर पडतं. खाणं अंगी लागत नाही ही आपल्याकडे नेहमीची तक्रार असते, पण माझ्या मुलीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. आणि चरबी पचली नाही की तिच्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही गेली, ए, डी, ई आणि के, चारही.

यावर उपाय म्हणजे गोळ्या. खरं तर त्या कॅप्सूल आहेत, पण घरात सगळे गोळ्याच म्हणतो. आत मोहरीपेक्षा बारीक दाणे असतात आणि त्यांत पाचक रस भरलेला असतो. प्रत्येक खाण्याच्या सुरुवातीला त्या द्यायच्या. मुलगी अख्खी गिळू शकत नव्हती तेव्हा कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर गार, आंबटसर सफरचंदाच्या गरावर टाकायचे आणि लगेच भरवायचे. गरम भातात नाही, कारण रस मरतो. दुधात, खिरीत नाही, कारण दाण्यांवरचं कवच वेळेआधीच सुटतं. चावू द्यायचं नाही, नाहीतर तोंड सोलवटतं. वरून पाणी पाजून हिरड्यांत एखादा दाणा राहिलाय का ते पाहायचं. किती द्यायच्या ते मुलीच्या वजनावर आणि ताटातल्या तुपातेलावर ठरतं. जास्तही चालत नाही. किलोमागे एका जेवणाला अडीच हजार युनिट आणि दिवसभराला दहा हजार, ही डॉक्टरांनी घालून दिलेली वेस. तिच्यापलीकडे गेलं तर आतडंच आखडण्याची भीती असते.

हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून शिकले. माझी नोकरी नवा रायपुरला, छत्तीसगडच्या मंत्रालयात. सकाळी ऑफिसची बस धरायची आणि परत रायपुरात गुढियारीच्या घरी येईपर्यंत दिवेलागण व्हायची. म्हणून आम्ही वाटणी केली होती. सकाळचं दूध-पराठा आणि रात्रीचं जेवण माझ्याकडे. शाळेच्या डब्यात मी फक्त केळं नाहीतर सफरचंद द्यायची, त्याला गोळी लागत नाही, म्हणजे बाईंना त्रास नको. दुपारचं जेवण आणि चारचं खाणं नवऱ्याकडे. तो रेल्वेत आहे, सकाळची पाळी मागून घेतलेली, दुपारी घरी असतो. दुपारच्या वरणभातावर तूप जास्त म्हणून जीवनसत्त्वांचं औषधही तेव्हाच द्यायचं ठरलं. तेही चरबी आणि गोळी यांच्या सोबतीनेच अंगात जातं, कोरड्या पोटी दिलं तर वाया.

मी घरी आले की चप्पल काढायच्या आधी विचारायची, दुपारच्या दिल्या? तो म्हणायचा, दिल्या. चारच्या? त्याही दिल्या. औषध? हो. मग मी ते लिहून ठेवायची, कारण हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं की काय खाल्लं, किती गोळ्या, शी कशी झाली हे दर वेळी लिहून आणा. कधीकधी तो थकलेला असायचा आणि मी पुन्हा विचारलं की चिडायचा. मी तेव्हा मनातल्या मनात त्याचं कौतुक करायची. आमच्या नात्यातल्या किती पुरुषांना आपल्या मुलीच्या ताटात काय आहे हे ठाऊक असतं? मैत्रिणींजवळ मी हे बोलूनही दाखवलं होतं. आज आठवलं की माझाच मला राग येतो.

तर त्या वर्षी मुलीचं वजन थांबलं. पोट मात्र फुगलेलं. शी तेलकट, पाण्यावर तरंगणारी, अशी घाण वास येणारी की बाथरूमचं दार उघडायला नको वाटायचं. हातपाय काड्या. दुपारी पोट दुखतं म्हणून शिकवणीला जाईना. मग नाकातून रक्त यायला लागलं आणि कुठे आपटली तर काळानिळा डाग आठवडाभर हलेना. मॅडमनी रक्त घ्यायला सांगितलं, पण आधी सर्दी पूर्ण बरी होऊ द्या म्हणाल्या, कारण अंगात कणकण असताना ए जीवनसत्त्व उगाच कमी दिसतं. सर्दी गेली, रक्त घेतलं. तरीही ए कमी, डी फारच कमी, ई कमी. के थेट मोजत नाहीत, रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरून बघतात, तर तो वेळही वाढलेला.

मॅडमनी माझ्याकडे पाहून विचारलं, गोळ्या वेळेवर जातात ना? मी म्हटलं, एकही चुकत नाही. नवरा शेजारीच बसला होता. त्याने मान हलवली.

मग डोस वाढला. जेवणाला दोन होत्या त्या अडीच झाल्या, पुढच्या खेपेला तीन. एका कॅप्सूलमध्ये दहा हजार युनिट, म्हणजे सोळा किलोच्या मुलीला चारवर तर वेसच आली असती. पोटातलं आम्ल कमी करायचं औषध सुरू झालं, म्हणजे दाण्यांतला रस आतड्यात नीट कामाला लागेल. डीचा डोस वाढवला. गव्हाची ॲलर्जी तपासली, जंत तपासले, साखर तपासली. काही निघेना. माझी मुलगी सुयांना रडेनाशी झाली. हात पुढे करून दुसरीकडे बघायची. शेवटी मॅडम म्हणाल्या की पुढच्या तपासणीपर्यंत ठिपका वर सरकला नाही तर पोटाला छोटं भोक पाडून नळी बसवावी लागेल आणि तिच्यातून रोज वेगळं अन्न द्यावं लागेल. बऱ्याच मुलांना बसवतात, घाबरण्यासारखं नाही, असंही त्या म्हणाल्या. त्या नळीपासून मुलीला वाचवायचं, एवढं एकच त्या दिवसांत माझ्या डोक्यात होतं. ऑफिसात फाइल समोर धरून मी घासांचा हिशोब करायची.

याच वर्षी घरात नणंदेचं लग्न ठरलं होतं. स्थळ पुरानी बस्तीतलं, माणसं आमच्यासारखीच विदर्भातून आलेली, मुलगा चांगला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, लग्न पुढच्या वैशाखात. मुलाची मावशी आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहते. स्थळ तिच्याच ओळखीतून आलेलं, त्यामुळे साक्षगंधानंतर तिचं येणं-जाणं वाढलं होतं. मी दिवसभर घरी नसायची, मला हे ऐकूनच माहीत. मला आनंद होता. माझी नणंद मला बहिणीसारखी. मुलीला कॅप्सूल उघडून द्यायला घरात माझ्यानंतर पहिल्यांदा शिकली ती हीच. आता ती एका खाजगी शाळेत शिकवते, संध्याकाळी येते.

नळीचं बोलणं झालं त्यानंतर आहारतज्ज्ञ बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या बिलासपूरकडच्या, हिंदीत बोलतात, आवाज कधी चढत नाही. त्यांनी माझी वही चाळली, काही टीका केली नाही. मग विचारलं, “दोपहर में खाना कौन खिलाता है?” मी सांगितलं, हिचे वडील. त्या म्हणाल्या, एक आठवडा सुट्टी घेता येईल का? सगळं तुम्ही स्वतःच्या हाताने द्या, डोस आहे तोच ठेवा, आणि मला फोन करा. मला वाटलं, प्रमाण कुठे चुकतंय ते त्यांना बघायचं असेल. मी रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, काहून? मी देऊन राहिलो ना. मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय, तुम्हाला तेवढाच आराम.

दोन-तीन दिवसांतच मुलीचं पोट उतरलं. फुगलेलं पोट असं खाली बसलं की तिची चड्डी ढिली व्हायला लागली. शी घट्ट झाली, बुडाली. ज्यांनी हे कधी भोगलं नाही त्यांना हसू येईल, पण मी भांड्यात वाकून ती बुडालेली पाहिली आणि मला रडू आलं. पुढे तर तिला बद्धकोष्ठ झालं. मी फोन केला. बाई म्हणाल्या, डोस तोच आहे ना, एकदा मॅडमना विचारून कमी करू, आणि पाणी भरपूर द्या. डोस तोच, तर मग बदललं काय, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नाही. विचार दाराशी आला होता आणि मी दार लोटून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट वाढलं. वरणभात, तूप, बटाट्याची भाजी. नवरा अजून पाळीवरून यायचा होता. बाहेरगावी गेलेल्या, नवरदेवाच्या मावशीबाई त्या आठवड्यात पहिल्यांदाच आल्या, सासूबाईंजवळ दिवाणावर बसल्या, पापड कुठून आणायचे याची चर्चा सुरू झाली. मी कॅप्सूल उघडून दाणे चमच्यातल्या गरावर टाकले आणि चमचा मुलीच्या तोंडाशी नेला. तिने तोंड मिटून घेतलं. मला वाटलं नखरे करते आहे. मी पुन्हा चमचा पुढे केला. तिने माझं मनगट धरून हात ताटाखाली दाबला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मम्मी, अभी नहीं. मावशी-आजी बसली आहे ना.”

मी हळूच विचारलं, मग काय झालं? ती म्हणाली, “पापाने बोला है, उनके सामने नहीं. और मम्मी को नहीं बताना.” मग तिला आठवलं की आपण मम्मीलाच सांगतो आहोत, आणि तिचा चेहरा पडला.

मी वर पाहिलं. सासूबाई आमच्याकडेच बघत होत्या, पापडाचं बोलणं अर्धंच सोडून. मी मुलीला उचललं, ताट उचललं, आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि तिला तिथे जेवू घातलं. ती शहाण्यासारखी जेवली. मी तिला विचारत गेले आणि ती सांगत गेली. मावशी-आजी रोज येतात? हव. त्या नसल्या त्या दिवशी गोळी? तेव्हाही नाही, कारण त्या कधी येतील काय माहीत. चारची? ती पण नाही. आणि औषध? औषध आजी नंतर पाण्यासोबत द्यायची, जेवून खूप वेळ झाल्यावर. गोळ्या कुठे जायच्या? पापा मोरीत टाकायचे.

मोरीत. न देणं एक वेळ विसरण्याच्या खात्यात गेलं असतं. पण डबीतल्या गोळ्या रोज काढून, उघडून, मोरीत सोडून वर पाणी ओतायचं, म्हणजे डबी बरोबर रिकामी होईल आणि बायको बरोबर फसेल, हे विसरणं नव्हतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचं ताट दिसेना. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारा माझ्याच अंथरुणावर झोपत होता.

तो आला तेव्हा मावशीबाई गेल्या होत्या. मी विचारलं तेव्हा त्याने आधी मुलीकडे पाहिलं. तेवढ्यावरूनच मला सगळं कळलं. मग तो खाली बसला आणि सांगायला लागला. मावशीबाईंनी एकदा विचारलं होतं, पोट्टीले काहून येवढ्या गोळ्या देऊन राहिले. सासूबाईंनी सांगून टाकलं, जंताच्या आहेत. पण जंताच्या गोळ्या कोणी रोज देतं का? म्हणून मग बंदच केल्या. खानदानी आजार आहे असं बाहेर गेलं तर लग्न मोडेल. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न. तो म्हणाला, “रात्रीची तं तू देतच होती ना. मले वाटलं एक टाइम नाही दिली तं चालते.”

मी म्हटलं, “तुम्ही माझ्या शेजारी बसून मान हलवली. तिच्या पोटाला भोक पाडणार होते, तेव्हाही.”

त्याचं म्हणणं असं की भोक पाडायची वेळ आली असती तर त्याने सांगितलंच असतं. सासूबाई दारातून म्हणाल्या की पोट्टी काही मरून नाही गेली, आणि हे दुखणं आमच्याकडचं नव्हेच, सुनेच्या माहेरचं आहे, मग आमच्या पोरीने का भोगावं? मी नवऱ्याकडे पाहिलं. मुलगी सहा महिन्यांची असताना मॅडमनी कागदावर चित्र काढून आम्हा दोघांना समजावलं होतं. एक दोष आईकडून येतो, एक वडिलांकडून, दोन्ही एकत्र आले तरच आजार होतो. एकटा दोष असला तर माणूस ठणठणीत. तो तेव्हा समोर होता, त्याने प्रश्नही विचारले होते. आता तो खाली बघून डब्याच्या पिशवीचा बंद सोडायला लागला. तेव्हा मला उमगलं, इतकी वर्षं त्याने आपल्या आईला हेच सांगितलं होतं, की हे माझ्या माहेरकडून आलं. म्हणजे सणावाराला माझ्याकडे बघून जे कुजबुजत होते ते त्याच्याच आधाराने.

तरीही मला त्याची बाजू घ्यायचा मोह होत होता. हे मी लिहून ठेवते. वाटायचं, याला कळलंच नाही. शिकलेला असला तरी काही गोष्टी माणसाच्या डोक्यात शिरत नाहीत. एक वेळची गोळी म्हणजे सर्दीची गोळी असं त्याला वाटलं असेल. दुपारी पचलं नाही म्हणून मी रात्री जास्त देत गेले, डोस वेशीच्या जवळ गेला, हे एकाला एक जोडून बघायची त्याला बुद्धी झाली नाही. बहिणीच्या मायेने आंधळा झाला. रात्रंदिवस माझं मन हेच घोकत राहिलं, कारण दुसरं काही घोकलं असतं तर त्याच्या हातचा चहा घेता आला नसता.

हॉस्पिटलात मी मॅडमना खरं सांगितलं, त्याच्यासमोर. तो म्हणाला, थोडं मिस झालं मॅडम. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, इतकंच. मग सगळं मागे फिरलं. गोळ्या पुन्हा जेवणाला दोन, खाण्याला एक. आम्लाचं औषध बंद. वाढवलेलं डीचं औषध आता खरंच अंगात जाणार होतं, त्यामुळे ते आधीच्या मापावर आणलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघायचं ठरलं, कारण ए आणि डी जास्त झाले तरी घातकच. नळीचं तोपर्यंत थांबवलं. आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या वहीतली ती पानं उलटून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, यह सब नया लिखेंगे.

मी मुलीची शाळा बदलली. नवा रायपुरला ऑफिसपासून जवळच्या शाळेत घातली, सकाळी माझ्यासोबत बसने येते. दुपारी ऑफिसच्या पाळणाघरात माझ्याच हाताने जेवते. तिथल्या दीदी तिची कॅप्सूल उघडताना बघतात आणि कोणाला काही वाटत नाही. वजनाचा ठिपका सरकायला लागला. आधी किंचित, मग दिसेल इतका. गाल भरले. नाकातलं रक्त थांबलं. तीन महिन्यांनी रक्त गोठायची वेळ ठीक आली, ई ठीक, डी वर येतंय. मॅडम म्हणाल्या, नळी नको. नवऱ्याने त्या दिवशी तक्त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, ‘आमची पोट्टी’ म्हणून. खाली पंचवीस जणांनी हात जोडले. मी फोन उलटा ठेवला.

लग्न तोंडावर आलं तेव्हा मला नणंदेची काळजी वाटली. घरात या सगळ्याचा कोणाला दोष द्यायचा तर तिला नाही, असं मी ठरवलेलं होतं. ती संध्याकाळी येणारी, तिला काय माहीत. पण दोष तिच्यातही असू शकतो, भावात आहे तसा. असला तर तिच्या होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी करून घ्यावी, पुढे मूलबाळ होताना डोळे उघडे असावेत. हे तिला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगायचं ठरवलं. एका रविवारी ती खोलीत ब्लाउजांची घडी घालत बसली होती. मी दार लोटलं आणि जमेल तितक्या मऊपणाने समजावलं. चित्रसुद्धा काढायला घेतलं.

तिने माझ्या हातातला पेन धरला. म्हणाली, “वहिनी, माझी तपासणी झाली आहे. काही नाही निघालं. दादानंच करवली.”

मी विचारलं, कधी?

“साक्षगंधाच्या आधी. पोट्टीचा जुना रिपोर्ट लागतो म्हणाले, तो त्यानं तुझ्याकडून नेला होता ना.” मग तिचे डोळे भरले. ती म्हणाली, “गोळ्यांचंही मले माहीत होतं, वहिनी. मी म्हटलं होतं त्याले, नको करू. पण जोरात नाही म्हटलं.”

तो रिपोर्ट त्याने ऑफिसच्या मेडिकल क्लेमसाठी नेला होता, असं त्याने मला सांगितलं होतं. म्हणजे कोणता दोष कुठे शोधायचा हे त्याला ठाऊक होतं. तो आपल्याकडूनही आला आहे, बहिणीत असू शकतो, बहीण साफ निघाली, हे सगळं त्याला मुलीची पहिली गोळी मोरीत टाकायच्या आधी माहीत होतं. लपवायचं कारणही उरलं नव्हतं. मावशीबाईंना तोच कागद दाखवता आला असता. पण मग तो दोष आपल्याकडे आहे हे म्हणावं लागलं असतं. त्याला कळलं नाही, एवढा एकच आधार मी इतके दिवस धरून ठेवला होता, आणि तोही गेला.

नणंद म्हणाली, दादाला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. मी पेन तिथेच ठेवून उठले.

बाहेर जेवणाची वेळ झाली होती. मावशीबाई आलेल्या, सासूबाई, नवरा, सगळे बसलेले. मी मुलीचं ताट मधोमध मांडलं, तिला बसवलं, गराची वाटी घेतली आणि सगळ्यांच्या देखत कॅप्सूल उघडली. मावशीबाईंनी विचारलं, ह्या कशाच्या गोळ्या हो? मी सांगितलं. नाव सांगितलं, जन्मापासून आहे हे सांगितलं, अर्धं माझ्याकडून आणि अर्धं हिच्या वडिलांकडून आलं हेही सांगितलं. नणंदेच्या कागदाबद्दल बोलले नाही, तो तिचा होता. मावशीबाई म्हणाल्या, अगं बाई, मग दे ना तिला आधी, अन्न गार होऊन राहिलं. आणि त्या आपल्या लोणच्याकडे वळल्या. इतकंच.

मी चमचा मुलीच्या तोंडाशी नेला. तिला भूक लागली होती, गर आवडतो तिला. पण तिने तोंड उघडलं नाही. ती मान वळवून बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती, घेऊ का म्हणून.